‘कोयनेची पहाट’: रेकॉर्डिंगआधीच्या शेवटच्या वाचनाची तपासयादी

भाग ४: कोयनेचा भूकंप. वाचन गुरुवार, ४ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ६ वाजता. रेकॉर्डिंग शुक्रवारी सकाळी १० वाजता. भाग ऐकवायचा ११ डिसेंबरला पहाटे.

वाचनाला लेखक, संशोधनाचं काम पाहणारी ताई, निवेदिका आणि रेकॉर्डिस्ट असे चौघंही हवेत. स्क्रिप्टची प्रत एकच: आवृत्ती ५, वरच्या कोपऱ्यात तारीख असलेली. फोनमध्ये जुन्या आवृत्त्या असतील तर त्या आजच काढून टाका. वाचायचं मोठ्याने. मनातल्या मनात वाचलं की डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो, आणि ती चूक थेट माइकसमोर सापडते.

आकडे

☐ पान १, ओळ ३. भूकंपाची तारीख ११ डिसेंबर १९६७, वेळ पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. परदेशी नोंदींमध्ये १० डिसेंबर दिसेल, कारण तिथे ग्रीनिच वेळ धरतात आणि त्या वेळेनुसार तेव्हा रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं झाली होती. आवृत्ती ३ मध्ये एका ठिकाणी १० तारीख शिरली ती यामुळेच. पान ५ वर तारीख पुन्हा येते, तिथेही बघा.

☐ साल उच्चारी लिहा: ‘एकोणीसशे सदुसष्ट’. नुसतं १९६७ ठेवू नका. सदुसष्ट आणि अडुसष्ट यांचा शेवट कानाला सारखाच लागतो, म्हणून ‘सदु’वर जोर. पान ६ वरच्या लेक टॅपिंगच्या, म्हणजे पाण्याखालचा खडक फोडून जलाशय बोगद्याला जोडण्याच्या, सालांनाही हेच लागू: ‘एकोणीसशे नव्व्याण्णव’ आणि ‘दोन हजार बारा’.

☐ धरणाची साठवण स्क्रिप्टमध्ये १०५.२५ टीएमसी आहे. हे ‘सव्वा एकशे पाच’ असं वाचलं तर ऐकणाऱ्याला ‘सव्वाशे’ ऐकू येईल आणि वीस टीएमसी पाणी फुकट वाढेल. निर्णय झाला आहे: ‘एकशे पाच टीएमसी’. पहिल्यांदा शब्द आला की लगेच ‘एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट’ हे वाक्य हवं. नंतर परत समजावायचं नाही.

☐ उंची १०३.२ मीटर. बोलताना ‘सुमारे एकशे तीन मीटर’. दशांश कागदावर शोभतो, कानात टिकत नाही.

☐ भूकंपाची तीव्रता. ६.३ आणि ६.५ असे दोन्ही आकडे वाचनात येतात. आपण ६.३ घेतला आहे, तर सहाही पानांवर तोच राहू दे. वाचायचा ‘सहा पूर्णांक तीन’. ‘साडेसहा’ हा शब्द संहितेत कुठेही नको.

☐ मृतांची संख्या ‘सुमारे एकशे ऐंशी’. ‘शेकडो’ काढला आहे, परत आणू नका. जे गेले त्यांची घरं अजून त्या खोऱ्यात आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना ढोबळ शब्दाने आवाज मोठा करायचा नाही.

☐ क्युसेक आणि टीएमसी. क्युसेक हा पाणी वाहण्याचा दर, टीएमसी हा साठा. पान ४ च्या मधल्या परिच्छेदात ‘इतके क्युसेक पाणी साठलं’ असं राहून गेलं होतं. दुरुस्त केलंय, पण डोळ्यांनी खात्री करा.

नावं

नावांसाठी पाटण तालुक्यातल्या माणसाचा उच्चार हाच निकष. नकाशावरचं इंग्रजी स्पेलिंग बघून वाचायचं नाही. खाली दिलेलं प्रत्येक नाव निवेदिका दोनदा म्हणेल आणि बाकीचे ऐकतील.

☐ हेळवाक, पोफळी, अलोरे, कोळकेवाडी. ‘ळ’चा ‘ल’ होऊ देऊ नका. ‘अल्लोरे’ असा दुहेरी ‘ल’ही नाही.

☐ वाशिष्ठी. संहितेत दोन ठिकाणी ‘वशिष्ठी’ होतं. कोणतं तरी एकच राहू दे, आपण ‘वा’ घेतलंय. वीजनिर्मितीनंतरचं पाणी घाट उतरून याच नदीला मिळतं आणि चिपळूणकडे जातं, त्यामुळे कोकणातला श्रोता इथे कान टवकारणारच.

☐ प्रीतिसंगम. कोयना आणि कृष्णा यांची भेट कराडला, पान १ वर ती ‘पाटणला’ झाली होती. हे मी स्वतः पुन्हा पाहिलं आहे, तरी खूण करा.

☐ शिवसागर हे जलाशयाचं नाव, धरणाचं नव्हे. लेखकाचा हात दोनदा चुकला आहे.

श्वास

आपली भाषा क्रियापद शेवटी ठेवते. लांब वाक्यात श्रोता शेवटच्या शब्दापर्यंत ताटकळतो आणि नेमका तिथेच निवेदिकेचा श्वास संपतो. म्हणून खूण क्रियापदाच्या आधी कधीच नाही. एक तिरकी रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास. पेन्सिलनेच करा, कारण वाचताना बदलतील.

पान २, दुसरा परिच्छेद असा होता: ‘धरणाच्या बांधकामासाठी दूरदूरहून आलेल्या आणि कोयनानगरच्या वसाहतीत संसार थाटलेल्या कामगारांची घरं त्या पहाटे काही सेकंदांत कोसळली.’ निवेदिकेने दोनदा वाचलं, दोन्ही वेळा ‘कामगारांची’पाशी दम तुटला. आता: ‘धरणाच्या कामासाठी माणसं दूरदूरहून आली होती. // कोयनानगरच्या वसाहतीत त्यांनी संसार थाटले होते. // त्या पहाटे / काही सेकंदांत / ती घरं कोसळली.’

☐ पान ३ आणि ५ वरची इतकीच लांब वाक्यं याच पद्धतीने फोडा. फोडताना एकही तपशील गळता कामा नये.

☐ ‘४ वाजून २१ मिनिटं’ याच्यानंतर तीन सेकंद शांतता. संगीत नाही, खोलीचा नाद नाही. रेकॉर्डिस्टने टाइमलाइनवर जागा राखून ठेवली आहे का, विचारा. मला ही जागा सगळ्या भागात महत्त्वाची वाटते, आणि वेळ वाचवण्यासाठी हीच पहिल्यांदा कापली जाते. कापू नका.

☐ ‘जलाशयप्रेरित’ हा शब्द एका दमात म्हणून बघा. अडखळला तर ‘जलाशयामुळे होणारे भूकंप’ वापरा. अर्थ तोच राहतो.

☐ पूर्ण वाचनाला घड्याळ लावा. साडेअकरा मिनिटांच्या वर गेलं तर पान ६ वरचा लेक टॅपिंगचा परिच्छेद कमी होईल, कोयनानगरच्या आजींचा नाही.

मंजुऱ्या

☑ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी पान २ ते ४ वाचून सही दिली, मंगळवारी. त्यांची एकच सूचना: धरणाला तडे गेले हे सांगा, पण धरण टिकलं हेही त्याच दमात सांगा. केलं आहे.

☐ कोयनानगरच्या आजी. त्यांचा होकार टेपवर आहे, पण तो जुन्या परिच्छेदासाठी होता. आता त्यात भावाचा उल्लेख आला. गुरुवारी दुपारी ताई फोन करून नवा परिच्छेद शब्दशः वाचून दाखवेल आणि होकार नव्याने घेईल. भावाचं नाव घ्यायचं नाही, ही त्यांची अट आहे. फोन लागला नाही, तर तो परिच्छेद शुक्रवारी रेकॉर्ड करायचा नाही. मुलाने ‘चालेल’ म्हटलं, तरी नाही.

☐ सुरुवातीच्या बासरीचा परवाना. लेखी हवा, मेसेजवरचा अंगठा चालणार नाही.

☐ संपादकाची सही आवृत्ती ५ वर. सहीनंतर एक शब्दही बदलला तर आवृत्ती ६ होते. ज्याच्या मंजुरीच्या भागात बदल झाला, त्याला तो भाग पुन्हा वाचून दाखवायचा. स्टुडिओत ऐनवेळी सुचलेलं वाक्य कितीही चांगलं असलं तरी हा नियम लागू. पुढच्या भागासाठी वहीत लिहून ठेवा.

☐ शुक्रवारी साडेनऊपर्यंत एकही चौकोन रिकामा असेल, तर निवेदिकेला आत बोलवायचं नाही. रेकॉर्डिस्ट दादा, ही जबाबदारी तुमच्याकडे.