एकोणतीस एकशे ऐंशी

काट्यावरच्या लाल आकड्यांनी दोनदा मागेपुढे केलं आणि ते २९,१८० वर थांबले.

"तात्या, पासिंग अठ्ठावीसचं ना?" काटेवाल्याने खिडकीतून विचारलं.

नामदेव तात्यांनी मान हलवली. दहा चाकी गाडी, सगळं धरून २८,००० किलोची. खाली विंचूर रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती, मागून कुणीतरी हॉर्न मारत होता. तात्यांनी पावती घेतली, पण गाडी हलवली नाही.

"अर्धी घे," ते म्हणाले. "फक्त पुढची चाकं."

काटेवाला कुरकुरला. पुढच्या चाकांचा आकडा आला ६,४००. म्हणजे मागच्या दोन धुऱ्यांवर २२,७८०. तात्यांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली. कांदा भरून व्यापाऱ्याच्या खळ्यातून निघताना स्टेअरिंग हलकं लागत होतं, ते उगाच नव्हतं.

गाडी कडेला घेऊन त्यांनी पावती उलटी केली आणि पिंट्याकडे पेन मागितलं. पिंट्या चार महिन्यांपूर्वी गाडीवर लागलेला क्लीनर. त्याचा हिशोब झाला होता. "तात्या, काटाच खोटा असंल. तीनशे साठ गोण्या, पन्नास किलोची एक, झाले अठरा टन. आरसीवर रिकामी गाडी ९,४००. सत्तावीस चारशे व्हायला पायजे."

"आरसीवरची गाडी शोरूमची," तात्या म्हणाले. "ही आपली हाय."

डॅशबोर्डच्या खणात रबर लावलेल्या पावत्यांचा गठ्ठा होता. मागच्या खेपेला सिमेंट उतरवल्यावर रिकामा काटा केला होता, त्याची पावती निघाली. ९,९६०. हौद्याच्या तळाला मारलेला पत्रा, वाढवलेल्या फळ्या, दोन ताडपत्र्या, रस्से, जॅक, स्टोव्ह आणि हे दोघं. शिवाय तेव्हा टाकी अर्धी होती, आज फुल. दीडशे लिटर जास्तीचं. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं, म्हणजे सव्वाशे किलो.

त्यांनी खाली लिहिलं: १०,०८५.

२९,१८० मधून ते वजा केलं. १९,०९५ राहिले. त्याला ३६० ने भागायला त्यांना मोबाइल काढावा लागला. त्रेपन्न आणि वर थोडंसं.

"काटा खरा हाय," तात्या म्हणाले. "गोणी खोटी हाय. चल परत."

खळ्यावर दिवाणजी बिल्टी लिहून मोकळे झाले होते. वाशीचा माल, वजन १८,०००, भाडं टनाला अकराशे. गाडी परत येताना बघून ते बाहेर आले.

"काय विसरलं?"

"गोण्या जास्ती झाल्या."

"तीनशे साठच आहेत. मी स्वतः मोजल्या."

"मोजल्या बरोबर. तोलल्या का?"

दिवाणजी हसले. कांदा चाळीतून निघाला की सुकतो, तूट धरावीच लागते, हे काय आज शिकायचं? तात्यांनी वाद घातला नाही. ढिगाशेजारी त्याच मालाच्या उरलेल्या गोण्या होत्या. त्यांनी मुकादमाला दहा गोण्या खळ्यातल्या प्लेटकाट्यावर एकेक करून टाकायला सांगितल्या. ५३, ५२.५, ५४, ५३. पिंट्या लिहीत गेला. दहाची बेरीज ५३०.५ आली.

मुकादम घाम पुसत म्हणाला, "हा लॉट कोलकात्याचा भरलाय हो दिवाणजी. चार दिवसांचा रस्ता म्हणून तीन किलो वर घातलेला. वाशीला फिरवला तुम्ही सकाळी."

दिवाणजींना ते आठवलं असावं, कारण ते गप्प झाले. मग म्हणाले, "हजार-बाराशे किलोचं काय एवढं? सगळेच नेतात."

नेतात, हे खरं. हिशोब मात्र सगळ्यांचा सारखाच आहे. २०१९ च्या कायद्याने जादा मालाला दंड वीस हजार, वर टनामागे दोन हजार, आणि माल जागेवर उतरवायचा खर्च वेगळा. या खेपेचं सगळं भाडं १९,८०० होतं. त्यात डिझेल, टोल आणि पिंट्याचा भत्ता. पण तात्यांच्या डोक्यात दंडाआधी कसारा होता. घाटात खाली उतरताना एक टन जास्तीचा म्हणजे काय, ते पाय ब्रेकवर ठेवलेल्या माणसाला समजतं. ड्रम तापल्यावर येणारा तो वास त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांमागून पुष्कळदा घेतला होता.

"बाराशेला त्रेपन्नने भागलं तर तेवीस गोण्या," दिवाणजी शेवटी म्हणाले. "रामा, वरच्या थरातल्या काढ. पुढून, केबिनकडनं. फाळका उघडत बसू नको."

"पुढून नको," तात्या म्हणाले.

"आता पुढून नको? वजन वजनच ना?"

तात्यांनी पावतीची दुसरी बाजू दाखवली. पुढच्या धुरीला सात टन चालतात, तिच्यावर चौसष्टशेच आहेत. मागच्या जोडीला एकवीस चालतात, तिच्यावर पावणेतेवीस. पुढच्या गोण्या काढल्या तर एकूण आकडा अठ्ठावीसच्या आत येईल, पण मागची जोडी एकवीसच्या वरच राहील आणि तोंड आणखी हलकं होईल. मागच्या चाकांच्याही मागे जो माल आहे तो गाडीचं नाक वर उचलतो. तो काढला की दोन्ही कामं होतात. मागचं उतरतं, पुढं थोडं चढतं.

"किती चढतं?" पिंट्याने विचारलं.

तात्यांनी हातानेच मोजलं. पुढच्या धुरीपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत पाच मीटर. मध्यापासून शेपटीच्या गोण्यांपर्यंत सरासरी एक मीटर ऐंशी. "पंचवीस काढू. १,३२५ किलो. त्याला १.८ ने गुणायचं, पाचाने भागायचं." मोबाइलवर ४७७ आले. पुढे ६,८७७, मागे २०,९७८.

"तेवीसने भागत होतं ना?" दिवाणजी म्हणाले.

"तेवीसने एकूण भागतं. मागचं नाय भागत."

फाळका उघडायला वेळ लागला. रस्से सोडले, ताडपत्री अर्धी गुंडाळली. हमालांनी शेपटीच्या पंचवीस गोण्या खाली घेतल्या आणि उरलेल्या थराला पायरी करून ठेवली, नाहीतर ब्रेक मारल्यावर वरच्या गोण्या मागे-पुढे खेळत्या. तात्या स्वतः वर चढले. कडेची एक गोणी फाटली होती, ती त्यांनी आत सरकवून दाबून बसवली.

काट्यावर पुन्हा रांग होती. या वेळी आकडा आला २७,८६०. पुढचा ६,८८०. काटेवाला वीसच्या पटीतच दाखवतो, त्यामुळे तात्यांनी कागदावरच्या तीन किलोंबद्दल तक्रार केली नाही. पिंट्याने मात्र पावती दोनदा वाचली.

खळ्यावर परत आल्यावर खरी ओढाताण झाली. तात्यांना नवी बिल्टी हवी होती. ३३५ गोण्या, १७,७७५ किलो. दिवाणजी गोण्यांचा आकडा बदलायला तयार होते. वजन पन्नासच्या हिशोबाने १६,७५० लिहू म्हणत होते, कारण भाडं त्यावर निघणार. शेठना फोन लागला. स्पीकर चालू होता.

"तात्या, पहिल्यांदाच एवढा काथ्याकूट करताय."

"शेठ, पहिल्यांदाच त्रेपन्नची गोणी पन्नास म्हणून दिली तुम्ही. काट्याची पावती हाय माझ्याकडं. जे ओढतो त्याचं भाडं घेतो."

पलीकडे थोडा वेळ दुसऱ्याच कुणाशी बोलणं चाललं. मग आवाज आला, "लिहा हो दिवाणजी, जे काट्यावर आहे ते लिहा."

"आणि पंचवीस गोण्या उतरवायची हमाली?" मुकादमाने मागून विचारलं.

"ती गाडीवाल्याची," शेठ म्हणाले.

"भरली कुणी जास्ती?" तात्या म्हणाले.

निम्मी-निम्मी ठरली. तात्यांनी आपली निम्मी मुकादमाच्या हातावर ठेवली, बिल्टी खिशात घातली आणि पिंट्याला खडू दिला. दाराच्या आतल्या बाजूला, आरसीच्या झेरॉक्सखाली त्याने लिहिलं: रिकामी, टाकी फुल, १०,०८५.

"पुढच्या वेळी भरायच्या आधी रिकामा काटा करायचा," तात्या म्हणाले आणि चावी फिरवली. "आता घोटीपतुर झोप. कसाऱ्यात मला जागा पायजे."