या आठवड्याच्या रील्स: सुरुवातीची वाक्यं

अळूचं फदफदं (पान कॅमेऱ्यासमोर धरून)
"अळू खाल्ला की घसा खवखवतो? म्हणून अळू सोडू नका हो! मंडईत अळू घेताना शेजारची आंबट चुक्याची जुडीपण उचला. चुका नाही मिळाला तर चिंच. अळूला आंबट लागतंच, का ते कढईतच दाखवते."

साबुदाणा खिचडी
"खिचडीचा गोळा होतोय? तुपाला दोष देऊ नका, भिजवायचं पाणी बघा! साबुदाणा धुतल्यावर जेमतेम बुडेल एवढंच ठेवायचं. हा दाणा दाबते... मऊ झाला, पण बोटाला चिकटला नाही."

डाळिंब्यांची उसळ
"मोड आलेले वाल सोलायचा कंटाळा येतो ना? कोमट पाण्यात टाका, आणि आता बघा..."
(इथे गप्प. साल सुटताना जवळून दिसू दे.)