शाओशिंगच्या मेजवानीत यजमानांचे आभार

त्सुन-जिंग द वांग त्सोंग, ग-वेइ फंग-यौ, वान-शांग हाव!

आदरणीय वांगसाहेब, कारखान्यातले तुमचे सगळे सहकारी आणि सोलापूरहून आलेली आपली मंडळी, सगळ्यांना नमस्कार. पुढचं मी मराठीत बोलतो, आणि आपल्या दुभाषी ताई ते तुमच्यापर्यंत पोचवतील. मूळच्या पुण्याच्या आहेत, आता हांगचौला असतात. गेले काही दिवस आमचा प्रत्येक प्रश्न आणि तुमचं प्रत्येक उत्तर त्यांनी न थकता पोचवलं. ताई, आधी तुमचे आभार. हे वाक्यही भाषांतर करून सांगा, गाळू नका.

वांगसाहेब, माल घ्यायला आलेल्या माणसाला शोरूम दाखवतात, चहा देतात, कॅटलॉग हातात ठेवतात. तुम्ही आम्हाला सरळ शेडमध्ये नेलंत आणि चालू रेपियर लूम आमच्यासाठी थांबवायला सांगितलात. टॉवेल विणणाऱ्याला त्याची किंमत कळते. टॉवेलच्या मागाला दोन बीम. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. दोन धागे फणी अलीकडेच सोडते, तिसरा पडला की तिन्ही एकदम पुढे ठोकते, आणि सैल ताणा वर येऊन लूप तयार होतो. त्या सैल बीमचा ताण जरा बिघडला की लूप लहानमोठे पडतात, आणि गिऱ्हाइकाच्या बोटांना ते लगेच कळतं. आमच्या जॉबरने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. तेव्हा तुमच्या जुन्या फिटरकाकांनी कव्हर काढलं, फरशीवर बसकण मारली, त्यालाही शेजारी बसवलं आणि ताण कुठून, किती बदलायचा ते करून दाखवलं. ताई तेव्हा दुसऱ्या टोकाला होत्या. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण दोघांचे हात एकाच स्प्रिंगवर होते. आपलं हातचं कसब कुणी असं सहज उघडं करत नाही. ते काका आज पलीकडच्या टेबलावर बसलेत. काका, तुम्हाला माझा नमस्कार.

श्ये-श्ये नीन द र-छिंग ख्वान-दाय!

या आदरातिथ्याबद्दल मनापासून आभार. आमच्यातले चौघं शाकाहारी आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी वेगळ्या कढईत भाज्या करायला लावल्या, आणि फिरत्या टेबलावर बांबूचे कोंब आणि टोफू आला की आधी तो त्यांच्यासमोर नेऊन थांबवलात. दाराकडे तोंड करून तुम्ही बसलात आणि मला तुमच्या उजव्या हाताला बसवलंत. या जागेचा मान काय असतो, हे मला माहीत आहे.

आमच्या गावाचं तुमच्या देशाशी एक जुनं नातं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. 1938 साली पाच भारतीय डॉक्टर तुमच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला आले, त्यांतले ते एक. तुम्ही त्यांना ख दी-ह्वा म्हणता. 9 डिसेंबर 1942 ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते याच मातीत गेले. भैय्या चौकात त्यांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. आज दुपारी त्यांचं नाव निघालं तेव्हा तुमच्या फिटरकाकांनी मान हलवली, आणि मला फार बरं वाटलं.

म्हणून माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. जानेवारीत सोलापूरला या. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. शेतात हुरडा भाजलेला असतो, सोबत शेंगाची चटणी. तोवर तुमचे माग आमच्या शेडमध्ये बसलेले असतील. त्यांच्यावर विणलेला पहिला टॉवेल मी तुमच्या हातात देईन. आज सोबत सोलापुरी चादर आणली आहे, ती घरी वहिनींना द्या.

आता सगळ्यांनी उभं राहावं ही विनंती. शाओशिंगची ही कोमट तांदळाची वाइन समोर आहे. जे घेत नाहीत त्यांनी चहाचा पेला उचलावा, भावना तीच आहे. वांगसाहेब, तुम्ही वयाने आणि अनुभवाने मोठे, म्हणून माझा पेला तुमच्या पेल्याच्या खालीच राहील. तुमच्या तब्येतीला, तुमच्या कामगारांच्या घरादाराला, आणि सोलापूरच्या शेडमध्ये घुमणाऱ्या तुमच्या मागांच्या आवाजाला!

वो जिंग नीन ई बेइ, जू वो-मन ह-त्स्वो यू-ख्वाय, गान-बेइ!