अमेयला नकार कळवणारा मेसेज

नमस्कार अमेय,

रविवारी डेक्कनला भेटल्यापासून दोन दिवस नीट विचार केला. माझं उत्तर नाही असं आहे. फोन न करता लिहितेय, म्हणजे लगेच काहीतरी बोलायचं दडपण तुझ्यावर येणार नाही.

निदान पाच वर्षं बेंगळुरूलाच राहणार हे तू पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलंस. हा सरळपणा मला फार आवडला, नाहीतर असल्या गोष्टी साखरपुडा झाल्यावर कळतात. मला मात्र आई-बाबांजवळ पुण्यातच राहायचंय. पण सगळं शहरावर ढकलणं बरोबर नाही. गप्पा छान झाल्या, तरी लग्नासाठी जे आतून वाटावं लागतं ते मला वाटलं नाही. त्यामुळे तू पुण्यात यायचं ठरवलंस तरी उत्तर हेच राहील. माझ्यासाठी थांबू नकोस.

कोथरूडच्या मावशींना आई आज संध्याकाळी कळवेल. ‘दोघांचे पुढचे बेत जुळले नाहीत,’ एवढंच. तुझ्या घरी आधी तुझ्याकडून कळावं म्हणून सकाळीच लिहिलं. शनिवारी आम्ही तुमच्याकडे येणार होतो, ते आता रद्द. काकूंनी उगाच तयारीला लागू नये.

तुझी पत्रिका आणि फोटो माझ्या आणि बाबांच्या फोनमधून काढून टाकलेत. माझेही काढशील ना?

मेसेजला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. काका-काकूंना नमस्कार सांग.

ईशा