क्वालिटीत यायचं आहे, सर

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुम्ही कंपनी सोडल्यापासून फोनवर दोनदाच बोलणं झालं. आज मात्र निवांत विचारायचं आहे, म्हणून लिहितो आहे.

मेकॅनिकल डिप्लोमा होऊन मला सहा वर्षं झाली. सीएनसीचं सेटिंग आता हातात बसलं आहे. पण मन क्वालिटीकडे ओढतं, आणि त्याचं कारण तुम्हीच आहात. पहिल्या वर्षी माझ्या इन्स्पेक्शन शीटवर पाचही रीडिंग ४०.०१२ होती. तुम्ही शीट परत केलीत आणि म्हणालात, "मशीन एवढं सरळ नसतं. पुन्हा मोज." मोजलं तर पाचही वेगळी आली. तेव्हापासून न मोजता एकही आकडा लिहिलेला नाही.

गेल्या महिन्यातलं सांगतो. ॲल्युमिनियम हाउसिंगचा ४० एच७ बोअर, म्हणजे शून्य ते अधिक २५ मायक्रॉन. मशीनवर बोअर गेज अधिक १० दाखवत होतं, आणि दोन तासांनी फायनलला गो गेज आत जाईना. सगळे इन्सर्टवर घसरले. मी जॉब हातात घेतला होता, तो कोमट लागला होता. हिशोब केला : १५ अंशांच्या फरकाने ४० मिलिमीटरला जवळजवळ १४ मायक्रॉन. जॉब थंड झाला की बोअर चार मायक्रॉन अंडरसाइज. आता जॉब मास्टर रिंगच्या तापमानाला आल्यावरच मोजतो आणि ऑफसेट त्यावरूनच देतो. त्या दिवशी घरी जाताना वाटलं, हेच काम रोज करायला मिळालं पाहिजे.

आता अडचण. आमच्याकडे लाइन इन्स्पेक्टरची जागा निघाली आहे. पगार तोच, पण हुद्दा एक पायरी खाली. इथेच थांबलो तर वर्षभरात शिफ्ट सुपरवायझर होईन असं साहेब म्हणतात. बाहेर क्वालिटी इंजिनिअरसाठी दोन ठिकाणी अर्ज केला. दोन्हीकडे "क्वालिटीचा अनुभव नाही" म्हणून परत आलो. खाली उतरून आत शिरावं का? भीती एवढीच की ओके आणि रिजेक्टचे टॅग लावण्यातच वर्षं निघून जातील.

दुसरं म्हणजे शिकायचं काय? सीएमएम चालवायला लोक आग्रह करतात. मला एमएसए आणि एसपीसी आधी पक्कं करावंसं वाटतं, कारण गेजवरच भरवसा नसेल तर सीपीके १.३३ आला काय आणि १.६७ आला काय. आयएटीएफ १६९४९ चा इंटर्नल ऑडिटर कोर्स आत्ता करावा, की आधी दोन-तीन एट-डी स्वतः हाताळून मग?

आणि सर, बोअरचा हा प्रकार मी कुठेही कागदावर मांडलेला नाही. मुलाखतीत दाखवता येईल असा तो कसा लिहायचा? मी कच्चं लिहून पाठवलं तर वाचाल का? लाल पेनाने खोडलंत तरी चालेल, पूर्वीसारखं.

इन्स्पेक्टरच्या जागेबद्दल मला येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. त्याआधी रात्री नऊनंतर कधीही फोन करा, या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
महेश