सर्पदंश मोहीम, पावसाळा २०२५ : गटप्रमुख, आशाताई आणि स्वयंसेवकांसाठी टिपण

सर्वांस सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात आपण ‘साप चावल्यास दोरी बांधू नका’ हे चित्र व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर पाठवले. पसंतीचे आकडे रोज वाढत होते आणि आपणही ते समाधानाने एकमेकांना कळवत होतो. श्रावणात खाचरातून परतताना घोणस चावलेल्या एका शेतकऱ्याला ग्रामीण रुग्णालयात आणले, तेव्हा त्याच्या पोटरीवर सुंभाची दोरी इतकी आवळलेली होती की खालचा पाय काळानिळा पडला होता. सोबत आलेल्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये आपलेच चित्र होते आणि ते त्याने तीन गटांत पाठवलेही होते. यंदाची मोहीम कशी मोजायची, हे त्या दिवशी ठरले.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे नव्या सहकाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष लस चालते. त्यामुळे साप ओळखण्यासाठी किंवा मारून आणण्यासाठी घालवलेला वेळ सरळ रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.

यंदा तीनच चित्रे आहेत. त्यांवरील मजकूर पुढीलप्रमाणे असून त्यात कोणीही आपल्या मनाने भर घालू नये.

पहिले चित्र : ‘साप चावला? बांधू नका, कापू नका, चोखू नका. रोग्याला चालवू नका. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी काठी सैलसर बांधून हातपाय स्थिर ठेवा. अंगठी, जोडवी, पैंजण काढा. १०८ ला फोन करा. दोरी आधीच बांधली असेल, तर ती डॉक्टरांसमोरच सोडवा.’

दुसरे चित्र : ‘मण्यार रात्री चावते. दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे कळा आल्या, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर लगेच दवाखाना गाठा. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा.’

तिसरे चित्र : ‘रात्री बाहेर पडताना हातात विजेरी, पायात बूट. लाकडाची रास आणि धान्याची पोती झोपायच्या जागेपासून दूर.’

आता मोजमापाविषयी. चित्र किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले, याचा एकही आकडा मासिक अहवालात येणार नाही. रुग्णालयाच्या परवानगीने आणि रोग्याची किंवा नातेवाइकांची संमती घेऊन प्रत्येक दंशाची एक नोंदपट्टी भरायची आहे. तिच्यावर नाव लिहायचे नाही. दंशानंतर किती वेळाने आले, दोरी किंवा तिचा वळ होता का, आधी कोठे नेले होते आणि दंश झाला तेव्हा रोगी काय करत होता, एवढेच लिहायचे. उपचार सुरू असताना कोणीही मध्ये जाऊ नये. पट्टी नंतर भरली तरी चालेल.

घरभेटीत ‘चित्र पाहिले का?’ हा प्रश्न विचारू नये, कारण पाहुण्याला बरे वाटावे म्हणून घरोघर ‘हो’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी संध्याकाळी जावे आणि घरच्यांनी होकार दिल्यास मच्छरदाणी खोचलेली आहे का, विजेरी दाराजवळ असून ती लागते का, हे डोळ्यांनी पाहावे. ‘आत्ता साप चावला तर काय कराल, करून दाखवा,’ असे म्हणून पंचा हातात द्यावा. जो पोटरीवर गाठ मारतो, त्याच्यापर्यंत आपले चित्र पोहोचलेले नाही, मग ते त्याच्या मोबाइलमध्ये असले तरी.

ही पाहणी मृग नक्षत्र लागण्याआधी एकदा आणि भातकापणीनंतर पुन्हा त्याच घरांत होईल. निम्म्या वाड्यांवर फक्त चित्रे जातील आणि निम्म्या वाड्यांवर चित्रांसोबत आशाताई प्रात्यक्षिकही दाखवतील, म्हणजे नेमके कशामुळे फरक पडला हे कळेल. पाहणी पुरी होताच उरलेल्या वाड्यांवरही प्रात्यक्षिक होईल.

रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या वाढली, तर घाबरू नये. जे रोगी पूर्वी घरीच राहत किंवा भगताकडे जात, ते आता दवाखान्यात येऊ लागले, असाही त्याचा अर्थ असू शकतो. म्हणूनच संख्येपेक्षा पोहोचायला लागलेला वेळ महत्त्वाचा धरला आहे. भगतांना गावासमोर खोटे पाडू नये. त्यांच्या घरी जाऊन बसावे आणि ‘आधी दवाखाना, मग तुमचा अंगारा’ एवढे त्यांच्याच तोंडून रोग्याला सांगितले जाईल, असे पाहावे.

भरलेल्या पट्ट्या दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गटप्रमुखांकडे द्याव्यात. ज्या पट्टीवर दोरीची नोंद असेल, त्या वाडीवर आठवड्याच्या आत पुन्हा भेट द्यायची आहे.