हातउसन्या रकमेचा हिशेब आणि परतफेडीच्या तारखा यांबाबत पत्र

चरई, ठाणे (पश्चिम)
दि. १ जानेवारी २०२६

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

माझ्या शिवणकामाच्या दुकानासाठी तू मला दिलेल्या रकमेचा आजपर्यंतचा हिशेब आणि पुढील परतफेडीची व्यवस्था आपल्या दोघींच्या संमतीने लेखी असावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोनवर तू दोनदा म्हणालीस की आपल्यात कागद कशाला. परंतु ही रक्कम तू सोहमच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून दिली आहेस. ती कधी आणि किती परत येणार हे तुझ्या घरी सर्वांना नेमके ठाऊक असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

तू १ एप्रिल २०२५ रोजी गाळ्याच्या डिपॉझिटसाठी १,००,००० रुपये आणि १ जुलै २०२५ रोजी ओव्हरलॉक मशीन व कटिंग टेबलासाठी ५०,००० रुपये, असे एकूण १,५०,००० रुपये माझ्या बँक खात्यात जमा केलेस. दोन्ही रकमा मला मिळाल्या आहेत आणि त्या मी तुझ्याकडून कर्ज म्हणून घेतल्या आहेत, हे मी या पत्राने मान्य करते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा कर्जाच्या वसुलीच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी कर्जदाराने सही करून कर्ज लेखी मान्य केले, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. तुला कधी त्या वाटेला जावे लागेल असे मला वाटत नाही, तरी तुझा तो हक्क या कागदाने शाबूत राहावा अशी माझी इच्छा आहे.

व्याज घ्यायला तू तयार नव्हतीस. मोडलेल्या ठेवीवर तुला ७ टक्के मिळत होते, ते माझ्यामुळे बुडाले, शिवाय मुदतीआधी ठेव मोडल्याचा भुर्दंडही पडला. म्हणून द.सा.द.शे. ८ या दराने सरळव्याज मी ठरवले आणि डिसेंबरमध्ये वाशीला भेटलो तेव्हा तू ते मान्य केलेस. व्याज फक्त शिल्लक मुद्दलावर, महिन्याच्या हिशेबाने मोजायचे. महिना २८ दिवसांचा असो वा ३१ दिवसांचा, तो वर्षाचा बारावा भाग धरायचा. आणि व्याजावर व्याज कोणत्याही परिस्थितीत लावायचे नाही, असे आपले ठरले आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ रोजी, मी तुला २०,००० रुपये परत केले. ते मुद्दलात धरायचे की व्याजात, हे तेव्हा बोलणे झाले नव्हते. ३० सप्टेंबरपर्यंत पहिल्या रकमेवर सहा महिन्यांचे ४,००० रुपये आणि दुसऱ्या रकमेवर तीन महिन्यांचे १,००० रुपये, असे ५,००० रुपये व्याज झाले होते. आलेली रक्कम आधी साचलेल्या व्याजात आणि उरलेली मुद्दलात, ही नेहमीची रीत आहे. त्याप्रमाणे ५,००० रुपये व्याजाचे व १५,००० रुपये मुद्दलाचे धरल्यास मुद्दल १,३५,००० रुपये राहते आणि त्यावरील ऑक्टोबर ते डिसेंबरचे व्याज २,७०० रुपये होते. सगळे २०,००० मुद्दलातच धरले असते तर आजच्या एकूण येण्यात शंभर रुपयांचा फरक पडला असता. तो फरक तुझ्या बाजूने राहावा आणि मागचे व्याज पूर्णपणे मिटावे, म्हणून मी पहिली रीत धरली आहे. हे २,७०० रुपये आज सकाळी तुझ्या खात्यात जमा केले आहेत. त्यामुळे आज, १ जानेवारी २०२६ रोजी, माझ्याकडे तुझे फक्त मुद्दल १,३५,००० रुपये येणे आहे.

हे मुद्दल मी दरमहा १५,००० रुपये याप्रमाणे नऊ हप्त्यांत फेडीन आणि प्रत्येक हप्त्यासोबत मागील महिन्याचे व्याज देईन. हप्त्याची तारीख दर महिन्याची १ राहील. गाळ्याचे भाडे मला ५ तारखेला द्यावे लागते, आणि तुझी रक्कम त्याआधी बाजूला निघावी असा माझा हेतू आहे. १ फेब्रुवारी २०२६ रोजी व्याजाच्या ९०० रुपयांसह १५,९०० रुपये, १ मार्चला १५,८००, १ एप्रिलला १५,७००, १ मेला १५,६००, १ जूनला १५,५००, १ जुलैला १५,४००, १ ऑगस्टला १५,३००, १ सप्टेंबरला १५,२०० आणि १ ऑक्टोबर २०२६ रोजी शेवटचे १५,१०० रुपये, अशी एकूण १,३९,५०० रुपयांची परतफेड होईल. त्यात व्याज ४,५०० रुपये आहे. सगळे हप्ते १५,५०० रुपयांचे सारखे करावेत, असेही मनात आले होते. पण तसे केल्यास सुरुवातीला मुद्दल हळू उतरते आणि हिशेब दर महिन्याला पुन्हा मांडावा लागतो. दरमहा शंभर रुपयांनी उतरणारा हप्ता कोणालाही तोंडी पडताळता येतो.

सर्व हप्ते तुझ्या त्याच बँक खात्यात ऑनलाइनच येतील, रोखीने नाही. १ एप्रिल आणि १ मे रोजी बँका बंद असल्या तरी अशी रक्कम जमा होते, त्यामुळे सुट्टीमुळे तारीख पुढे जाणार नाही. काही कारणाने उशीर होणार असेल तर मी तुला आधी कळवीन आणि त्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत रक्कम भरीन. त्यापलीकडे गेल्यास थकलेल्या मुद्दलावर त्याच दराने सरळव्याज चालू राहील, वेगळा दंड नाही. लागोपाठ दोन हप्ते चुकले, तर उरलेले सर्व मुद्दल एकदम मागण्याचा अधिकार तुला राहील.

माझी खरी काळजी सोहमच्या प्रवेशाची आहे. वरील तारखांप्रमाणे १ जुलैपर्यंत ९०,००० रुपये मुद्दल तुझ्याकडे परत आलेले असेल आणि ४५,००० रुपये उरतील. शाळांच्या गणवेशांचे पैसे मला जूनमध्ये मिळतात. कॉलेजची फी भरताना ती उरलेली रक्कम तुला लागणार असेल, तर १५ जूनपर्यंत मला सांग. मी १ जुलैच्या हप्त्यासोबतच ती देईन आणि पुढील तीन महिन्यांचे ६०० रुपये व्याज लागणार नाही. हे सांगताना कृपया संकोच करू नकोस.

आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. मिळालेले व्याज तुझ्या आयकर विवरणपत्रात इतर उत्पन्नात दाखवावे लागेल. मार्च २०२६ अखेर ते ऑक्टोबरच्या ५,००० रुपयांसह एकूण ९,४०० रुपये होईल आणि पुढच्या वर्षात २,८०० रुपये.

दरम्यान माझे काही बरेवाईट झाले, तर दुकानाच्या डिपॉझिटमधून प्रथम तुझी बाकी फेडावी, असे मी सुनील यांना सांगितले आहे. त्यांनी हे पत्र वाचून साक्षीदार म्हणून सही केली आहे.

पत्राच्या दोन प्रती केल्या आहेत. येत्या रविवारी दुपारी नेरुळला तुझ्याकडे येईन तेव्हा दोन्ही आणीन. हिशेब तपासून, पटल्यास दोन्हींवर ‘मान्य’ असे लिहून तारखेसह सही कर. एक प्रत तुझ्याकडे राहील. एखादा आकडा किंवा अट बदलावीशी वाटली तर त्याआधी फोन कर, म्हणजे दुरुस्त प्रत घेऊन येईन.

तुझी,
माधुरी
(सही)

साक्षीदार: सुनील (सही)
दि. १ जानेवारी २०२६